पगारातली चुकीची कपात: पेरोलला मेल कसा लिहावा?

ऐरोलीत नोकरी करते. ग्रॉस २३,५०० असूनही ऑगस्टच्या पगारातून प्रोफेशनल टॅक्सचे २०० रुपये कापलेत. पेरोलला काय लिहू?

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिन्याच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही, त्यामुळे तुमची मागणी रास्त आहे. फक्त ऑगस्टच्या स्लिपवरचा ग्रॉस आधी पाहा, हातात आलेली रक्कम नव्हे. ओव्हरटाइममुळे तो आकडा २५,००० च्या वर गेला असेल, तर कपात बरोबर ठरेल.

नसेल गेला, तर एवढंच लिहा:

"ऑगस्टच्या स्लिपमध्ये ग्रॉस २३,५०० असताना प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये कापला आहे. १ एप्रिल २०२३ पासूनच्या सवलतीनुसार तो शून्य हवा. स्लिप जोडली आहे. कृपया २०० रुपये सप्टेंबरच्या पगारात परत द्यावेत आणि माझ्या नोंदीत लिंग 'स्त्री' आहे का, तेही तपासावं."

विषयात एम्प्लॉयी कोड आणि महिना टाका. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. अशी कपात लिंगाची नोंद चुकल्यामुळेही होऊ शकते. ती दुरुस्त झाली नाही, तर पैसे परत मिळूनही पुढच्या महिन्यात पुन्हा कापले जातील, आणि फेब्रुवारीत तर ३००. जुलैच्या आणि त्याआधीच्या स्लिपाही आजच उघडून बघा.