पुस्तकांच्या भाराने वाकलेली फळी: पिना बदलायच्या की फळी?

प्रश्न: कपाटातली ९० सेमी लांब, २५ सेमी खोल, १८ मिमी जाड पार्टिकल बोर्डाची फळी पुस्तकांनी मध्ये वाकली आहे. चार पिनांवर टेकली आहे. उलटी करून ठेवली, तरी काही महिन्यांत पुन्हा वाकली. मजबूत पिना लावू की जाड फळी घेऊ?

उत्तर: पिना बदलून बाक जाणार नाही. पिनांचं काम फक्त टोकं धरण्याचं. मधल्या ९० सेमीत फळीला स्वतःच्याच ताकदीवर उभं राहावं लागतं. दाटीवाटीने लावलेल्या पुस्तकांचं वजन मीटरला साधारण ३० किलो धरा, म्हणजे तुमच्या फळीवर २७ किलो. तेवढ्याने पार्टिकल बोर्ड पहिल्याच दिवशी मध्यभागी सुमारे ९ मिमी खाली येतो. पुढे भार कायम राहिला की हा बोर्ड हळूहळू ‘बसत’ जातो आणि बाक दुपटीवरही जाऊ शकतो. फळी उलटी केल्यावर तेच चक्र दुसऱ्या बाजूने सुरू होतं. आधी सगळी पुस्तकं काढून टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणा आणि मध्ये किती फट राहते ते मोजा. रिकाम्या फळीतही फट राहिली, तर तो बाक आता मुरलेला आहे.

जाड फळीने फरक पडतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. त्याच बोर्डाची २५ मिमीची फळी घेतलीत, तर ९ मिमीचा बाक साडेतीन मिमीच्या आसपास येईल. पण तोही कालांतराने वाढणारच, म्हणून नुसती जाडी वाढवण्यावर मी पैसे घालणार नाही. आहे त्याच फळीच्या पुढच्या कडेखाली लाकडी पट्टी उभी लावा. १८ मिमी जाड आणि ४० मिमी उंच सरळ लाकडाची पट्टी एकटीच तुमच्या फळीच्या तिपटीहून अधिक ताठ असते. दोन्ही मिळून बाक २ मिमीच्या आसपास राहतो, आणि गोंद नीट धरला तर त्याहूनही कमी. हीच पट्टी आडवी, चपटी लावलीत तर तिचा ताठपणा जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येतो. इथे सगळा खेळ उंचीचा आहे.

पट्टी विकत घेतानाच तिच्या कडेवरून डोळा लावून सरळ आहे का ते बघा. किंचित कमान असेल तर कमानीचा फुगीर भाग फळीकडे ठेवा. फळी काढून सपाट टेबलावर उलटी ठेवा. आता बाक वर आलेला दिसेल. तो वजन ठेवून किंवा शिकंज्याने दाबून सपाट करा आणि त्याच स्थितीत पट्टी बसवा. सर्वांत जास्त चूक गोंदाची होते. गुळगुळीत लॅमिनेटवर लाकडाचा गोंद धरत नाही, म्हणून पट्टी बसेल तेवढा भाग खरखरीत पॉलिश पेपरने घासून खालचा बोर्ड उघडा करा. मग गोंद लावून दर १५ सेमीला ५० मिमीचा स्क्रू घाला. पट्टीत आधी आरपार मोकळं छिद्र पाडा आणि स्क्रूचं डोकं २–३ मिमी आत बसवा. म्हणजे टोक फळीत १२–१३ मिमी जातं, वर फुटत नाही. गोंद सुकेपर्यंत, निदान रात्रभर, दाब काढू नका.

दोन गोष्टी आधी मोजा. पट्टीची टोकं पुढच्या पिनांना अडता कामा नयेत, आणि खालच्या कप्प्यात पुढून ४ सेमी उंची कमी होणार आहे, तेव्हा उंच पुस्तकं बाहेर निघतात ना ते बघा. मागची कडही झुकत असेल तर तिथेही तशीच पट्टी लावा. कपाटाची मागची पातळ पाठ भार घेत नाही.

नवी फळीच घ्यायची असेल तर प्लायवूड घ्या, आणि वरच्या थराचे रेषे लांबीच्या दिशेने जातील असंच कापून घ्या. उलट कापलेला तुकडा बराच लवचीक निघतो. मध्ये उभा आधार देणं सर्वांत परिणामकारक, कारण अंतर निम्मं झालं की बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. फक्त तो भार खालच्या फळीवर उतरतो. म्हणून आधार प्रत्येक कप्प्यात एकाच रेषेत, थेट तळापर्यंत हवेत.

आता पिना. चार पिनांवर मिळून तीसेक किलो, म्हणजे एकीवर आठ किलोही नाही. चांगली धातूची पिन ते सहज पेलते. पण वाकलेल्या फळीची टोकं तिरपी होऊन पिनेच्या बाहेरच्या टोकावरच टेकतात, आणि पिन छिद्राला उचकटते. त्यामुळे पार्टिकल बोर्डातली छिद्रं लांबट झाली आहेत का ते तपासा. झाली असतील तर त्यात गोंद लावलेली लाकडी खुंटी ठोका, सुकल्यावर पिनेच्या मापाचं (बहुतेक ५ मिमी) छिद्र पुन्हा पाडा. ते जमणार नसेल तर शेजारच्या छिद्रांवर फळी सरकवा. पट्टी लावल्यानंतरही फळी डगमगत असेल तर कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आतून पिनांऐवजी लाकडी पट्ट्या स्क्रूने बसवा. फळी पुढून मागपर्यंत पूर्ण टेकेल. मात्र नंतर कप्प्याची उंची सहज बदलता येणार नाही.