आंब्याच्या ॲपसाठी आधी कागद घ्या

देवगड हापूसच्या पेट्या थेट विकायचं ॲप करताय, छान. स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर फिग्मा आठवडाभर उघडू नका.

आधी फक्त चौकोन आणि बाण काढा, तेही एकाच कामाचे: मुंबईतल्या गिऱ्हाइकाने एक पेटी मागवली. पेटी निवडली → पत्ता → पैसे → ऑर्डर पक्की. आता प्रत्येक बाणावर थांबून विचारा, इथे काय अडेल? त्या पिनकोडला आपली पेटी पोचतच नसेल तर? हा प्रश्न पत्त्यापाशी आला, तर माणूस आंबे निवडून झाल्यावर चिडणार. म्हणजे पिनकोड सगळ्यात आधी विचारायला हवा. कागदावर हा बदल म्हणजे एक बाण खोडणं.

मग ए-फोर कागदाला घड्या घालून चार भाग करा, एका भागात एक स्क्रीन. जाड मार्कर वापरा, बारीक पेनाने हात आपोआप नक्षीकामाकडे वळतो. रंग नकोत, पण शब्द खरे लिहा: ‘५ डझन, अजून पिकायचे आहेत’. खोट्या मजकुराला जागा नेहमीच पुरते.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:
- सुरुवातच लॉगिनने करतात. पेट्या आधी दाखवा.
- ‘माल संपला’, ‘पैसे गेले नाहीत’ हे स्क्रीन काढतच नाहीत.

शेवटी कागद शेजारच्या काकूंपुढे ठेवा, “एक पेटी मागवा” म्हणा आणि गप्प बसा. बोट टेकेल तसा पुढचा कागद सरकवा. बोट जिथे घुटमळेल, तो स्क्रीन परत काढा.