मेतकूट, लोणचं आणि सांडगी मिरची: तिन्हींचा एक संच कसा करावा?

प्रश्न: मी घरून मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि सांडगी मिरची विकते. मेतकूट हातोहात जातं, लोणचं बरं चालतं, मिरची पडून राहते. तिन्ही मिळून एक कॉम्बो करायचा आहे. त्याला नाव काय द्यावं आणि तो कसा मांडावा, म्हणजे लोक आवडीने घेतील?

उत्तर: घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना किंमत आणि पॅकिंग ठरवून देणं हे माझं काम आहे. त्यामुळे नावाआधी एक वेगळीच गोष्ट विचारते: हे तीन पदार्थ एकाच ताटात कधी येतात? तुमच्याकडे याचं उत्तर तयार आहे. मऊ भात, त्यावर तूप-मेतकूट, कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड आणि तळलेली मिरची. आजारी माणसाचं, पावसाळी रात्रीचं किंवा प्रवासातून दमून आल्यावरचं हे जेवण मराठी घराला समजावून सांगावं लागत नाही. संच याच जेवणाचा करा. पडून राहिलेली मिरची खपवण्यासाठी तो केलाय असं दिसलं, तर तो फसेल.

यावर क्रिस्टोफर शी या संशोधकाचा 1998 मधला एक प्रयोग आहे. काही लोकांना 24 नगांचा, सगळा धड असलेला भांड्यांचा संच दाखवला. दुसऱ्यांना 40 नगांचा संच दाखवला. त्यात ते 24 होतेच, वर आणखी काही धड आणि काही फुटके नगही होते. वस्तू जास्त असूनही दुसऱ्या संचाला लोकांनी कमी किंमत सांगितली. तुमची मिरची फुटकी नाही, पण ती कशाला टाकलीय हे कळलं नाही तर गिऱ्हाईक तिला तसंच धरेल. माझा अंदाज असा की, तिचा खप कमी आहे तो चवीमुळे नाही. ती तळून खायची असते हेच बऱ्याच तरुण मंडळींना ठाऊक नसतं. पाकिटावर एक ओळ छापा: ‘मध्यम गरम तेलात टाका, मंद आचेवर काळपट लाल होईपर्यंत तळा.’

आता नाव. ‘सुपर सेव्हर कॉम्बो’ म्हटलं की फक्त सवलत दिसते. ‘त्रिवेणी’, ‘परंपरा’, ‘स्वादसंगम’ ही नावं उदबत्तीपासून साड्यांपर्यंत कशालाही लागतात, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत. नुसतं ‘मऊभात’ मला आवडलं असतं, पण त्यात एक खोच आहे. खोक्यात भात नाही, आणि कुणीतरी तयार भाताचं पाकीट समजून मागवेल. म्हणून मी ‘मऊभात सोबती’ ठेवीन आणि खाली बारीक अक्षरात लिहीन: ‘भात-तूप तुमचं, बाकी आमचं.’ गैरसमज तिथेच मिटतो आणि काय मिळणार तेही कळतं. नाव जमलंय का हे फोनवर तपासा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ते एकदाच सांगा आणि चार दिवसांनी ऑर्डर विचारा. ‘दोन मऊभात सोबती पाठवा’ असं सहज आलं तर नाव बसलं. ‘ते तुमचं तीन वस्तूंचं काय ते’ असं आलं तर दुसरं शोधा.

खरी मेहनत मापात आहे. नेहमीची पाकिटं एका खोक्यात भरली की मेतकूट आधी संपतं, लोणचं महिनोन् महिने उरतं, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी परत सुटं मेतकूटच मागवतं. तिन्ही साधारण एकाच सुमारास संपली पाहिजेत. एका वेळच्या भाताला दोन भरलेले चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम मेतकूट धरा, लोणचं पंधरा ग्रॅम आणि मिरच्या दोन. दहा जेवणांसाठी 100 ग्रॅम मेतकूट, 150 ग्रॅम लोणचं आणि वीस मिरच्या झाल्या. मिरच्या मोजून घ्या, मग वजन करा. तुमच्या मिरचीच्या आकारावर ते ठरेल, इथे 40 ग्रॅम धरते. आता खोक्यावर ‘दहा वेळच्या मऊ भातासाठी’ असं लिहिता येतं. तीन वजनांपेक्षा हे एक वाक्य गिऱ्हाइकाला लवकर कळतं.

किंमतही या मापामुळे सोपी होते. उदाहरणासाठी तुमचे सुटे भाव असे धरू: मेतकूट 200 ग्रॅम 140 रुपये, लोणचं 250 ग्रॅम 150, मिरची 100 ग्रॅम 110. म्हणजे 400. तुम्हाला पडणारा खर्च अनुक्रमे 70, 75 आणि 60, म्हणजे 205. हीच पाकिटं एकत्र करून 360 ला दिली आणि खोक्याला 35 गेले, तर हातात 120 उरतात. जो एरवी नुसतं मेतकूट नेऊन तुम्हाला 70 चा नफा देतो, त्याच्याकडून 50 जास्त मिळाले. पण जो तिन्ही आधीपासून सुटी नेत होता, त्याच्याकडून 195 मिळायचे, तिथे 75 गेले. म्हणून आधी वही उघडून तिन्ही घेणारे किती आहेत ते पाहा. ते बरेच असतील तर सवलतीचा संच तुमच्याच खिशातून जाईल.

छोट्या मापात हा पेच राहत नाही. वरच्या भावाने 100, 150 आणि 40 ग्रॅमचा खर्च 104 होतो, खोक्यासह 139. संच 240 ला ठेवला तर 101 उरतात. सुट्या भावाने हाच माल 204 चा होतो हे खरं, पण ही मापं सुटी मिळतच नाहीत आणि छोटं पाकीट थोडं महाग पडतं हे लोक धरून चालतात. फक्त यावर ‘बचत’ हा शब्द लिहू नका, तो खोटा ठरेल. ‘मिरची फुकट’ असंही नको. फुकट म्हटलं की ती उरलेली वाटते.

फोटोत तीन पाकिटं ओळीने उभी करू नका. पुढे वाफाळता भात, तुपाची धार, मेतकूट, फोड आणि मिरची, मागे थोडी धूसर पाकिटं. तिन्ही लेबलांवर एकाच रंगाची पट्टी द्या, पदार्थाचं नाव तेवढं बदला. लोणच्याच्या बाटलीला झाकणाखाली सील हवंच. खार झिरपला तर आधी खोकं जातं, मग मिरची सादळते. मेतकुटाचा हिंग बाकीच्यांना लागू नये म्हणून त्याचं पाकीट जाड घ्या.

शेवटचं थोडं कागदपत्रांचं. बाहेरच्या खोक्यावरही तिन्हींची नावं, प्रत्येकाचं निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तुमचा पत्ता आणि एफएसएसएआय क्रमांक हवा. मेतकुटात गहू असेल तर तेही ठळक लिहा. खोक्यावर तारीख तिन्हींपैकी जी आधी संपते ती टाका. जीएसटी नोंदणी असेल तर बिल करण्याआधी सीएला विचारा, कारण वेगवेगळ्या दराच्या वस्तू एकाच किमतीत विकल्या की सगळ्यांवर त्यांतला सर्वांत जास्त दर लागू शकतो. पुढे संचात मिरचीऐवजी पापड घालायचं ठरवलंत तर हे आठवा: सुट्या पापडावर जीएसटी नाही, पण लोणच्यासोबत एका किमतीत गेला की तोही करात ओढला जाऊ शकतो.