सातबाऱ्यावर फक्त भावाचं नाव, मग बहिणीचा हक्क गेला का?

प्रश्न: वडील वारल्यावर सातबाऱ्यावर फक्त भावाचं नाव लागलंय. माझा हक्क संपला का?

उत्तर: नाही. फेरफार ही महसुली नोंद आहे, सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी. तिने मालकी मिळत नाही, जातही नाही. १९९६ साली सावर्णी विरुद्ध इंदर कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. हिंदू वारसा कायद्यानुसार, वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, भाऊ आणि दोघी बहिणी अशा घरात प्रत्येकाला चौथा हिस्सा मिळतो, नाव कुणाचंही लागो.

आधी सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकाची आणि वारस नोंदवहीची (गाव नमुना ६-क) नक्कल काढा. तुमचं नाव गाळलंय की ‘हक्क सोडला’ असं लिहिलंय, ते तिथे कळेल. सोडला म्हणत असतील तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का बघा. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या सहीने हिस्सा सुटत नाही. (तलाठ्यासमोरच्या जबाबानेही नाही, गावात काहीही म्हणोत.)

फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होतं. उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा अर्जही जोडा. पण हिश्श्याचा निकाल दिवाणी न्यायालयच देतं. तोवर सातबारा खरा धरला जातो, म्हणून भाऊ विक्रीच्या तयारीत असेल तर वाटपाच्या दाव्यातच तात्पुरता मनाई हुकूम मागा.