गुरुत्वमध्य काढला, तरी सर्वात कमी खर्चाची जागा निघत नाही. ती कशी काढायची?

प्रश्न: एक कारखाना आणि काही बाजारपेठा यांच्यासाठी वितरण केंद्राची जागा गुरुत्वमध्य पद्धतीने काढली. टनेजने भारित सरासरी घेतली आणि एक बिंदू आला. पण तिथून एकूण वाहतूक खर्च मोजला तर आजूबाजूच्या दुसऱ्या एका जागेचा खर्च कमी येतोय. ही पद्धत कमीत कमी खर्चाचा बिंदू देते ना? आणि भाडेदर यात कुठे धरायचा?

उत्तर: नाही, देत नाही. भारित सरासरी ज्या बिंदूला नेते, तिथे अंतरांच्या *वर्गांची* भारित बेरीज कमीत कमी असते. भाडं मात्र अंतरावर लागतं, अंतराच्या वर्गावर नाही. त्यामुळे तुमची बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर असूनही शेजारची जागा स्वस्त निघू शकते.

आधी भाडेदराचं बघू, कारण तो न धरल्यास पुढचं सगळं गणित निरर्थक होतं. एक उदाहरण घेतो. कोऑर्डिनेट किलोमीटरमध्ये आहेत आणि दर टन-किलोमीटरमागे खर्चाच्या एककात.

| ठिकाण | x | y | टन | दर | वजन (टन × दर) |
|---|---|---|---|---|---|
| कारखाना | १०० | १०० | १००० | १ | १००० |
| अ | २०० | ३०० | ५०० | २ | १००० |
| ब | ३०० | १०० | ३०० | २ | ६०० |
| क | ८०० | ४०० | २०० | २ | ४०० |

कारखान्यातून केंद्रापर्यंत माल पूर्ण भरलेल्या ट्रकने येतो म्हणून दर १. केंद्रातून पुढे तो लहान गाड्यांनी किंवा पार्ट लोडने जातो म्हणून दर २. आता हे दर बाजूला ठेवून फक्त टनेज धरलं तर काय होतं? जितका माल केंद्रात येतो तितकाच बाहेर जातो. म्हणजे कारखान्याचं वजन १०००, आणि बाकी सगळ्यांचं मिळूनही १०००. एखाद्या ठिकाणाचं वजन एकूण वजनाच्या निम्मं किंवा त्याहून जास्त असेल, तर त्या ठिकाणापेक्षा कमी खर्चाचा बिंदू कुठेच नसतो. इथे तसंच घडतं: उत्तर येतं कारखान्याचं दार. कारण सरळ आहे. दर सारखाच असेल तर कारखान्यातून थेट जाण्यापेक्षा मध्ये वळसा घेऊन जाणं कधीच स्वस्त पडणार नाही. टनेजची सरासरी मात्र तुम्हाला (२२५, १८०) हा बिंदू देते, आणि सारख्या दराने मोजलं तर तिथला खर्च कारखान्यापाशी केंद्र ठेवण्यापेक्षा सुमारे १३ टक्के जास्त येतो.

म्हणजे एकच कारखाना असेल तर वाहतुकीपुरतं बोलायचं झाल्यास केंद्र कारखान्यापासून दूर नेण्याचं कारण एकच उरतं: आतला दर आणि बाहेरचा दर यांतला फरक. म्हणून वजन नेहमी टन × दर असंच घ्यायचं.

दर काढताना लोक हमखास एक गोष्ट करतात: वर्षभराचं बिल घेतात आणि टन-किलोमीटरने भागतात. त्यात चढाई-उतराईसारखा स्थिर भाग मिसळलेला असतो. समजा दरपत्रकात १०० किमीला टनामागे २६० आणि २०० किमीला ४६० एकक आहेत. यात ६० एकक स्थिर आहेत आणि किलोमीटरला २. स्थिर ६० केंद्र कुठेही ठेवलं तरी द्यावेच लागतात, त्यांचा जागेशी संबंध नाही. पण सरासरी काढली तर १०० किमीवरच्या ठिकाणाचा दर २.६ आणि २०० किमीवरच्याचा २.३ दिसतो, आणि जवळची ठिकाणं विनाकारण जड होतात. गणितात फक्त किलोमीटरमागचा वाढीव दर, म्हणजे २, घ्या. स्थिर भाग एकूण बजेटमध्ये वेगळा धरा.

आता वरच्या तक्त्याची भारित सरासरी काढू. एकूण वजन ३०००. x = ८,००,००० ÷ ३००० = २६७ आणि y = ६,२०,००० ÷ ३००० = २०७. या बिंदूपासून प्रत्येक ठिकाणाचं सरळ अंतर वजनाने गुणून बेरीज केली की सुमारे ६,०६,५०० एकक येतात. खरा कमीत कमी खर्चाचा बिंदू (२०६, २००) च्या आसपास आहे आणि तिथला खर्च सुमारे ५,७९,०००. गुरुत्वमध्य जवळपास पावणेपाच टक्के महाग पडला.

हा फरक आला तो क मुळे. क लांब आहे, आणि अंतराचा वर्ग केला की लांबचं ठिकाण त्याच्या वजनाच्या मानाने फार जोरात ओढतं. खऱ्या प्रश्नात ओढ कशी असते हे एका फळीवर दिसतं. फळीला ठिकाणांच्या जागी भोकं पाडा, प्रत्येक भोकातून दोरी खाली सोडून तिला त्या ठिकाणाचं वजन टांगा, आणि वरची सगळी टोकं एका गाठीत बांधा. घर्षण नसेल तर गाठ जिथे थांबते तो कमीत कमी खर्चाचा बिंदू. इथे दोरी किती लांब आहे याने ओढ बदलत नाही; फक्त वजन आणि दिशा यांना अर्थ असतो. म्हणून क ला त्याच रेषेत आणखी दुप्पट लांब, (१४००, ६००) ला नेलं तरी खरा बिंदू (२०६, २००) लाच राहतो. एकूण खर्च अर्थातच वाढतो, पण जागा हलत नाही. गुरुत्वमध्य मात्र (३४७, २३३) पर्यंत सरकतो. तुमच्या यादीत एखादं दूरचं ठिकाण असेल तर संशय आधी तिथे घ्या.

१९०९ मध्ये आल्फ्रेड वेबरने कारखान्याच्या जागेसाठी हाच प्रश्न मांडला, आणि १९३७ मध्ये वाइसफेल्डने तो सोडवण्याची सोपी रीत दिली. गुरुत्वमध्यापासून सुरुवात करायची, प्रत्येक वजनाला त्या ठिकाणाच्या सध्याच्या अंतराने भागायचं, आणि या नव्या वजनांनी पुन्हा सरासरी काढायची. नव्या बिंदूपासून अंतरं पुन्हा मोजायची आणि हेच चालू ठेवायचं. एक्सेलमध्ये B, C, D, E या कॉलममध्ये x, y, टन आणि दर ठेवा, सध्याचा बिंदू H1 आणि H2 मध्ये. F2 चं सूत्र खाली F5 पर्यंत ओढा:

```
F2: =SQRT((B2-$H$1)^2+(C2-$H$2)^2)
नवा x: =SUMPRODUCT(B2:B5,D2:D5*E2:E5/F2:F5)/SUMPRODUCT(D2:D5*E2:E5/F2:F5)
नवा y: =SUMPRODUCT(C2:C5,D2:D5*E2:E5/F2:F5)/SUMPRODUCT(D2:D5*E2:E5/F2:F5)
खर्च: =SUMPRODUCT(D2:D5,E2:E5,F2:F5)
```

आलेले नवे x, y हाताने H1, H2 मध्ये भरत जा. आपल्या उदाहरणात (२६७, २०७) वरून पहिल्याच फेरीत (२२३, १९९) येतो आणि खर्च ५,८१,१०० पर्यंत उतरतो. दुसऱ्या फेरीत (२११, १९९) आणि ५,७९,२००. पुढच्या फेऱ्यांत बिंदू थोडाथोडा सरकतो, पण खर्च जवळपास तोच राहतो. इतकं करायचं नसेल तर सॉल्व्हरला खर्चाचा सेल कमीत कमी करायला सांगा आणि H1, H2 बदलू द्या. उत्तर तेच आलं पाहिजे. या खर्चाला एकच तळ असतो, त्यामुळे वेगवेगळ्या बिंदूंपासून सुरुवात करूनही वेगवेगळी उत्तरं आली तर शीटमध्ये कुठेतरी चूक आहे. बिंदू नेमका एखाद्या ठिकाणावर येऊन बसला की अंतर शून्य होतं आणि भागाकार अडतो. तेव्हा वजनांकडे बघा: त्या ठिकाणाचं वजन एकूण वजनाच्या निम्मं किंवा त्याहून जास्त असेल तर तेच उत्तर आहे, नसेल तर बिंदू किलोमीटरभर हलवून पुन्हा चालवा.

अक्षांश-रेखांश थेट x आणि y म्हणून घालू नका. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किमी असतो, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाताना आखडत जातो. ६० अंश अक्षांशावर तो निम्मा राहतो. आधी किलोमीटरमध्ये बदल करा. रस्ता सरळ रेषेपेक्षा लांब असतो याची मात्र फार काळजी नको. सगळीकडे रस्ता सारख्याच प्रमाणात लांब असेल तर सगळ्या अंतरांना एकाच आकड्याने गुणल्यासारखं होतं, खर्च वाढतो पण जागा तीच राहते. मध्ये नदी, खाडी किंवा घाट असेल आणि एकाच बाजूला मोठा वळसा पडत असेल, तर त्या ठिकाणाचा दर तेवढ्या पटीने वाढवून धरा.

एवढं नेमकं गणित करून मग त्या बिंदूला चिकटून बसायचं नाही, हेही तितक्याच आग्रहाने सांगेन. तळाशी हा खर्च फार सपाट असतो. आपल्या उदाहरणात केंद्र २५ किमी पूर्वेला, (२३१, २००) ला नेलं तर खर्च ५,८३,६०० होतो, म्हणजे फक्त ०.८ टक्के जास्त. तेवढ्या पट्ट्यात महामार्गाचा फाटा, कमी भाड्याचं गोदाम किंवा माणसं सहज मिळणारी वस्ती असेल तर ती जागा बिनदिक्कत घ्या. मी नेहमी एक टक्का जास्त खर्चाची सीमा नकाशावर आखतो आणि जागा शोधणाऱ्या माणसाच्या हातात बिंदूऐवजी तो पट्टा देतो. जागा मिळाल्यावर प्रत्यक्ष रस्त्याची अंतरं घालून खर्च पुन्हा मोजा.

शेवटी पुन्हा क कडे येतो, कारण तुमचीही खरी बचत बहुधा अशाच एखाद्या ठिकाणी असेल. केंद्रामार्गे क ला एक टन पोचवायला आतले १४६ आणि बाहेरचे १२५३ मिळून सुमारे १४०० एकक लागतात. कारखाना ते क सरळ अंतर ७६२ किमी आहे. क ची मागणी पूर्ण ट्रक भरण्याइतकी एकत्र करता आली तर दर १ लागतो आणि तोच टन ७६२ एककांत पोचतो. २०० टनांवर हा फरक सुमारे १,२७,००० होतो, म्हणजे जागा अचूक करून वाचवलेल्या २७,५०० च्या चौपटीहून जास्त. अर्थात त्यासाठी क ला थोडा साठा ठेवावा लागेल, तो खर्च यातून वजा करा. क बाहेर काढल्यावर कारखान्याचं वजन ८०० होतं आणि खरा बिंदू (१९१, २००) ला जातो, जेमतेम १५-१६ किमी. गुरुत्वमध्य मात्र (१९२, १८३) ला, म्हणजे आधीच्या जागेपासून जवळजवळ ८० किमी सरकतो. तुमच्या शीटमध्ये सर्वात दूरचं ठिकाण काढून दोन्ही बिंदू पुन्हा काढा, आणि ते किती हलले ते इथे टाका. वजनांचा कॉलमही सोबत दिलात तर दर कुठे चुकलाय का ते बघता येईल.