काढलेल्या माणसाची कडा का उरते?

फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलने फोटोतला भिंतीसमोरचा माणूस काढलास, तरी त्याच्या खांद्याची फिकट रेघ उरली, कारण तुझं सिलेक्शन फार घट्ट होतं. कडेच्या पिक्सेलमध्ये माणूस आणि भिंत यांचे रंग मिसळलेले असतात. ते सिलेक्शनच्या बाहेर राहिले, की जनरेटिव्ह फिल त्यांना खरी भिंत समजून त्यांच्याशीच जुळवून घेतं. सावली राहिली असेल, तर कधीकधी तिथे नवीनच काहीतरी उगवतं! म्हणून पुढच्या वेळी सावलीही घे आणि सिलेक्शन दहा-पंधरा पिक्सेलने वाढव.

आता उरलेली रेघ. सर्वांत वर तात्पुरता कर्व्ह्‌ज लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढव. लपलेली कडाही उठून दिसेल. त्याच्या खाली नवा रिकामा लेयर घे. क्लोन स्टॅम्पला `Sample: Current & Below` ठेव, ब्रश मऊ, रेघेपेक्षा थोडा मोठा. नमुना शेजारच्या, तेवढ्याच उजेडातल्या मूळ भिंतीवरून घे, भरलेल्या भागातून नको, कारण तिथे कॅमेऱ्याचा ग्रेन बहुधा नसतो. हीलिंग ब्रश मला इथे आवडत नाही. तो आजूबाजूचा रंग ओढतो आणि रेघ पसरून डाग होतो. शेवटी कर्व्ह्‌ज काढून शंभर टक्के झूमवर बघ.