सांगितलेली तारीख पाळता येणार नसेल तर उमेदवारांना काय कळवायचं?

प्रश्न: मी अंबडमधल्या एका छोट्या कंपनीत एचआर बघते. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी तिघांच्या शेवटच्या मुलाखती झाल्या आणि साहेबांनी तिघांनाही ‘येत्या शुक्रवारपर्यंत कळवतो’ असं सांगितलं. आज बुधवार, आणि पुण्याच्या ऑफिसातून मंजुरीच आलेली नाही. साहेब म्हणतात, काहीतरी नक्की झालं की एकदमच कळवू. उमेदवारांचे फोन यायला लागलेत. काय सांगू?

उत्तर:

आज संध्याकाळीच कळवा, शुक्रवार उजाडायची वाट बघू नका. तारीख उलटल्यावर कळवलं की तो खुलासा होतो, आणि आधी कळवलं तर उमेदवाराला त्याचा उपयोग होतो. शुक्रवारी रात्रीपर्यंत फोन आला नाही की तो माणूस शनिवार-रविवारात घरच्यांशी बोलून काहीतरी ठरवून टाकतो. तुमचं ‘एकदमच’ सोमवारी येतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

पण लिहायच्या आधी साहेबांकडून एक गोष्ट काढून घ्या. कोणाला घ्यायचं ते ठरायचं राहिलंय, की जागा भरायची की नाही हेच ठरायचं राहिलंय? उमेदवाराच्या दृष्टीने यात फार अंतर आहे. निवड लांबली असेल तर तो आठवडाभर थांबू शकतो. जागाच लटकली असेल तर त्याने थांबण्यात काही अर्थ नाही, आणि हे त्याला कळायला हवं. कंपनीच्या आतलं सगळं सांगायची गरज नाही. गिऱ्हाईकाचं शेड्यूल कमी झालंय, बजेट कापलंय, असल्या गोष्टी बाहेर जाऊ नयेत. ‘या जागेची मंजुरी मुख्य कार्यालयाकडून यायची आहे, ती आल्याशिवाय कोणालाच ऑफर देता येत नाही’ एवढं पुरतं. ‘काही अंतर्गत कारणांमुळे’ हे मात्र लिहू नका. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही आणि त्याला वाटतं, आपल्याला नाही म्हणायचं टाळताहेत.

तिघांपैकी एखाद्याला घ्यायचं नाही हे आधीच ठरलं असेल, तर त्याला ‘निर्णय लांबलाय’ हा निरोप पाठवू नका. त्याच्यापुरता निर्णय झालेला आहे. त्याला आजच नकार कळवा.

पुढची तारीख कशी द्यायची ते माझ्याकडच्या एका प्रसंगावरून सांगते. मी सातपूर आणि अंबड मिळून १९ वर्षं हे काम करते आहे. तेव्हाही क्वालिटीचीच जागा होती, तीन उमेदवार होते, आणि शुक्रवार, १४ तारखेचा शब्द दिलेला होता. बुधवारी मी पुण्याला फोन करून ‘कधी होईल?’ असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर ‘बघतो, लवकरच’ हेच येतं. मी विचारलं, ‘कागद आत्ता कोणाच्या टेबलावर आहे, आणि त्यानंतर अजून कोणाची सही लागते?’ तेव्हा कळलं की फायनान्सचे साहेब सोमवारी, १७ तारखेला रजेवरून येणार होते, आणि त्यांच्यानंतर संचालकांची सही होती. संचालक गुरुवारी ऑफिसला असतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी गुरुवार, २० तारीख. मी उमेदवारांना शुक्रवार, २१ तारीख दिली, आणि तीही निर्णयाची म्हणून नाही. त्या दिवशी मी तुम्हाला कळवीन, मंजुरी आली असो वा नसो, असं सांगितलं. निर्णयाची तारीख माझ्या हातात नव्हती. फोन करणं माझ्या हातात होतं, म्हणून शब्द तेवढ्याचाच दिला.

तिघांना गेलेला निरोप साधारण असा होता:

‘नमस्कार. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेचा निर्णय शुक्रवार, १४ तारखेपर्यंत कळवू असं आम्ही म्हणालो होतो. तो शुक्रवारपर्यंत होणार नाही. या जागेची मंजुरी मुख्य कार्यालयाकडून यायची आहे, आणि ती आल्याशिवाय आम्हाला कोणालाही ऑफर देता येत नाही. तुमचं नाव विचारात आहे. शुक्रवार, २१ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत मी तुम्हाला स्वतः फोन करीन. तोवर मंजुरी आली नसेल तर तेही सांगीन. तोपर्यंत आमच्या भरवशावर चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका. दुसरीकडची ऑफर हातात असेल आणि उत्तर द्यायची तारीख जवळ असेल तर मला जरूर फोन करा. उशीर झाल्याबद्दल मनापासून क्षमस्व.’

राजीनाम्याचं वाक्य वाचून आमचे प्लँट हेड म्हणाले, ‘हे कशाला? उगीच घाबरवल्यासारखं होतं.’ मी ते काढलं नाही. त्याच्या काही वर्षं आधी, दुसऱ्या एका कंपनीत, मी एका मुलाला फोनवर ‘तुमचं जवळजवळ नक्की आहे, फक्त सही बाकी आहे’ असं सांगितलं होतं. मला ते खरंच वाटत होतं. त्याचा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा होता. एक महिना तरी वाचेल म्हणून त्याने त्याच आठवड्यात राजीनामा टाकला. पुढे जागा गोठवली गेली. त्याच्या कंपनीने राजीनामा मागे घेऊ दिला नाही. त्याच्या बायकोचा मला फोन आला होता. ती ओरडली वगैरे नाही, फक्त ‘मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना?’ एवढंच विचारलं. त्या दिवसापासून ऑफर लेटर हातात पडेपर्यंत मी ‘जवळजवळ’ आणि ‘नक्की’ हे दोन शब्द तोंडातून काढत नाही.

लेखी निरोप तिघांना सारखाच जावा, शब्दाचाही फरक नको. अंबड-सातपूरची माणसं एकमेकांना ओळखतात, एकाच कंपनी बसमधून जातात, मेसेज एकमेकांना दाखवतात. एकाला ‘विचारात आहे’ आणि दुसऱ्याला ‘अतिशय आवडलं’ असं गेलं की दोन दिवसांत दोघांनाही ते कळतं. म्हणूनच तिघांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालू नका, आणि एकाच मेलमध्ये तिघांचे पत्ते दिसतील असंही पाठवू नका. आपण मुलाखत दिली हे चालू कंपनीत कळलं तर उमेदवाराची पंचाईत होते. मेल त्याच्या खाजगी पत्त्यावरच जाऊ द्या.

फोनवरचं बोलणं मात्र प्रत्येकाशी वेगळं होतं, कारण प्रत्येकाची अडचण वेगळी असते. ड्यूटीवर असलेल्या माणसाला शॉपवर फोन घेता येत नाही आणि आजूबाजूला लोकही असतात. आधी ‘किती वाजता बोलू?’ असा मेसेज टाका, नाहीतर पहिल्या शिफ्टवाल्याला साडेतीननंतर आणि जनरलवाल्याला संध्याकाळी सहानंतर फोन करा.

आमचा एक उमेदवार सिन्नरच्या एका कारखान्यात होता, नोटीस ६० दिवसांची. त्याने पहिलाच प्रश्न केला, ‘मॅडम, जॉइनिंग साधारण कधीचं धरू?’ हा प्रश्न आला की सावध व्हा. माणूस मनातून राजीनाम्यापर्यंत पोचलेला असतो. मी त्याला सांगितलं, ‘काहीच धरू नका. ऑफर लेटर येईल, त्यावरची सही आणि तारीख तुम्ही स्वतः बघाल, त्यानंतरच कागद द्या. तुमचे ६० दिवस तिथून मोजायला आम्ही तयार आहोत.’ हे शेवटचं वाक्य मी प्लँट हेडना आधी विचारून घेतलं होतं. त्याची खरी काळजी हीच होती की उशीर आमच्याकडून झाला आणि घाई त्याला करावी लागेल.

दुसरी उमेदवार छत्रपती संभाजीनगरची होती, आणि खरं सांगायचं तर आमची पहिली पसंती तीच होती. तिच्या हातात दुसरी ऑफर होती आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. प्लँट हेडचं म्हणणं, तिला कसंही करून धरून ठेवा. मी पुण्याला विचारलं, एका जागेची मंजुरी सोमवारच्या आत मिळेल का? उत्तर आलं, नाही. मग मी तिला तसंच सांगितलं: ‘सोमवारच्या आत आमच्याकडून लेखी काहीही येणार नाही. त्यांच्याकडे दोन-तीन दिवसांची मुदत मागून बघा, पण मुदत मिळाली तरी आमचं नक्की होईलच असं मी म्हणू शकत नाही.’ तिने मुदत मागितली, बुधवारपर्यंत मिळाली, आणि बुधवारी तिने ती ऑफर घेतली. प्लँट हेड माझ्यावर नाराज झाले. तिला गोड बोलून थांबवलं असतं आणि मंजुरी आली नसती, तर तिच्या दोन्ही नोकऱ्या गेल्या असत्या.

तिसऱ्याचं कंत्राट संपलेलं होतं. तो सिडकोत भाड्याने राहत होता आणि रिकामा होता. त्याला राजीनाम्याची गोष्ट लागूच नव्हती. त्याला एवढंच हवं होतं की आमच्यासाठी दुसऱ्या मुलाखती सोडायच्या का. मी म्हटलं, ‘एकही सोडू नका. कुठे झालं तर मला फक्त एक मेसेज टाका, मला वाईट वाटणार नाही.’

उमेदवार कन्सल्टंटकडून आलेले असतील तर निरोप त्यांच्यावर सोडू नका. माणूस हातचा जाऊ नये म्हणून ‘डन आहे, थोडं थांबा’ असं सांगणारे कन्सल्टंट मी पाहिले आहेत. आपला लेखी निरोप थेट उमेदवाराला पाठवा आणि त्याची प्रत कन्सल्टंटला द्या.

२१ तारखेला मंजुरी आली, पण दुपारी चारला. पाचच्या आत मी दोन फोन केले. सिन्नरच्या मुलाला सांगितलं की निवड तुमची झाली आहे, ऑफर लेटर सोमवारी मेलवर येईल, तोवर अजूनही राजीनामा नाही. सिडकोच्या मुलाला त्याच दिवशी नकार सांगितला, कारण वाट तोही बघत होता.

मंजुरी आली नसती तरी पाचच्या आत फोन गेलेच असते. त्या वेळी मात्र फक्त नवी तारीख देऊन भागत नाही. दुसऱ्यांदा लांबलं की मी कारण थोडं अधिक उघड करते, पुढच्या आठवड्याची एक तारीख देते, आणि विचारते, ‘तुम्हाला थांबायचंय का? नसेल तर तसं सांगा, पुढे कधी जागा निघाली तर मी पुन्हा विचारीन.’ तिसऱ्यांदा लांबलं तर तारीख देतच नाही. तेव्हा ‘ही जागा सध्या थांबली आहे, तुम्ही आमच्यासाठी अडकून राहू नका’ असं स्पष्ट सांगते. तिसऱ्या तारखेवर उमेदवाराचा विश्वास बसत नाही, आणि माझाही बसलेला नसतो.

तुमच्या साहेबांना वाद घालून पटवत बसू नका. निरोप लिहा, त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, ‘यातलं कुठलं वाक्य नको?’ बहुतेक वेळा एखादा शब्द बदलतो आणि निरोप जातो. त्यांनी राजीनाम्याचं वाक्य काढायला सांगितलं, तर ते फोनवर तिघांनाही स्वतः सांगा. आणि पुण्याला आजच फोन करा. कागद कोणाच्या टेबलावर आहे ते कळल्याशिवाय निरोपात नवी तारीख घालू नका.